बोडीखालच्या बांध्यांचा समझोता

माझी आई गेली तेव्हा मी रांगत होते, त्यामुळे आई म्हणून मला आठवते ती धाकटी माय. बापानं तिला पाट लावून आणलं तो दिवस मला धूसर आठवतो. ती वैनगंगेपलीकडची. तिचा पहिला नवरा कोळशाच्या खाणीवर गेला तो परतलाच नाही. जातपंचायतीनं तिची फारकत केली आणि मग ती आमच्या घरी आली. सावली या मोठ्या गावापासून कच्च्या वाटेनं आत आमचं गाव, आणि घरामागेच बोडी, म्हणजे लहानसं तळं. बोडीच्या पाळीवर बसून ती माझे केस विंचरायची. विंचरताना गुणगुणायची ते सूर अजून माझ्या कानात आहेत, शब्द मात्र एकही नाही.

भाऊ माझ्यापेक्षा बराच मोठा. आई गेल्याचं त्याला कळत होतं, म्हणून धाकटी माय त्याला कधी गोड लागली नाही. तो तिला हाकच मारायचा नाही. "भात वाढ," म्हणायचा, "पाणी दे," म्हणायचा. तिनंही कधी तक्रार केली नाही.

माझं लग्न होऊन मी चांद्याला आले. नवरा शाळेत मास्तर. दर दिवाळीला भाऊ खाचर, म्हणजे छोटी बैलगाडी, घेऊन न्यायला यायचा. बापाचा निरोप असायचा आणि धाकट्या मायनं पाठवलेली तांदळाच्या पिठाची बोरं. मी खाचरात बसले की वाटेतल्या प्रत्येक मोहाच्या झाडाशी माझी जुनी ओळख निघायची. सासर वाईट नव्हतं. पण माहेरच्या वाटेवर मी वेगळीच बाई होत असे.

बाप गेला त्या साली चुरणे, म्हणजे धानाची मळणी, नुकतेच संपले होते, धान ढोल्यात, घरातल्या कोठीत, भरून झालं होतं. दिवस झाले आणि भावानं धाकट्या मायला ढोल्याची किल्ली मागितली. तिनं दिली. मग तो म्हणाला, "आता तुह्या भावाकडं जाय. इथी तुहं काय हाये?"

ती गेली. तिचा भाऊ तापट होता. त्यानं चांद्याच्या दिवाणी कोर्टात तिच्या नावानं दावा लावला. ती लग्नाची विधवा, तिला तिचा हिस्सा मिळावा. भावानं जबाब दिला की फारकत झाल्याचा काही पुरावा नाही, पहिला नवरा जिवंत असेल, म्हणून पाट खरा नाही आणि ही बाई आमची कोणी नाही. नव्या कायद्यानं मुलीलाही वारसा आला होता, म्हणून मलाही प्रतिवादी केलं. शिपाई दारी समन्स घेऊन आला तेव्हा मी पापड वाळत घालत होते. धाकट्या मायच्या नावापुढे 'वादी' आणि माझ्या नावापुढे 'प्रतिवादी' वाचून मी खाटेवर बसूनच राहिले.

त्या दिवाळीला मला न्यायला कोणी आलं नाही. तिकडच्या बाजूनं खाचराची घुंगरं वाजली की मी उगाच दारात जाऊन उभी राहायची.

माझ्या बाजूनं एक म्हातारे वकील होते. बोलायला सावकाश, पान खायचे आणि प्रत्येक वाक्याआधी चष्मा पुसायचे. मी त्यांना म्हटलं, "वकीलसाहेब, साक्षीला उभं केलं तर मी काय सांगू? खरं सांगतलं तर भाऊ तुटते, खोटं सांगतलं तर माय तुटते."

"काही सांगू नका," ते म्हणाले. "या खटल्यात जिंकणार कोण, मलाही माहीत नाही. पंचायतीतली माणसं मेली, फारकत कुठं लिहिलेली नाही. तुमच्या मायचा हक्क खरा की खोटा हे सिद्ध करायला वर्षं जातील. आणि जिथं हक्क असा धुक्यात असतो, तिथंच घरच्यांनी आपसात मिटवलेलं कोर्टाला आवडतं."

"कोर्टाले काऊन आवडंल? त्याईचं तर कामच निकाल देणं."

ते हसले. "निकालानं जमीन वाटते, घर राहत नाही. भाऊ, बहीण, विधवा यांनी शंकेचे दावे सोडून आपसात ठरवलं, तर कोर्ट ते मोडण्याची कारणं शोधत नाही, टिकवण्याची शोधतं. मायचा हक्क काटेकोर सिद्ध व्हायलाच पाहिजे असंही नाही. ती घरात नांदली, दावा सांगू शकत होती, तेवढं पुरतं. फसवणूक नको, बळजबरी नको, आणि ज्याचा दावा निघू शकतो असा कोणी सुटायला नको."

त्यांनीच भावाच्या वकिलाशी आणि मायच्या भावाशी बोलणं केलं. फाल्गुनात आम्ही सगळे गावी जमलो. घराच्या सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, सतरंजी अंथरली होती. गावातले जाणते लोक बसले होते. धाकटी माय खांबाआड बसली, डोक्यावरून पदर घेऊन. मला बघितलं तेव्हा ती उठली, पण तिच्या भावानं हात दाबून तिला बसवलं.

दिवसभर बोलणं झालं. शेवटी ठरलं ते असं: बोडीखालच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, आणि घराच्या मागच्या दोन खोल्या धाकट्या मायच्या, पुऱ्या मालकीनं. बाकी सगळी जमीन, मोहाची झाडं आणि पुढचं घर भावाचं. बोडीचं पाणी दोघांनाही, पाळीपाळीनं. माझा हिस्सा मी सोडला.

"त्याच्या बदल्यात तुमची काही मागणी?" वकिलांनी मला विचारलं.

"माहेर पाह्यजे," मी म्हटलं.

भाऊ जमिनीकडे बघत होता. वकिलांनी चष्मा पुसला. "माहेर लिहिता येत नाही, बाई. हयातभर येण्याचा, राहण्याचा हक्क लिहिता येतो. एक खोली लिहिता येते."

मग पुढच्या घरातली पूर्वेची खोली माझ्या राहण्यासाठी ठरली.

त्याच दिवशी वकिलांनी काही लिहून घेतलं नाही. मला नवल वाटलं. ते म्हणाले, "आधी खरंच वाटून घ्या. बांध्यांचा ताबा द्या, खोल्या रिकाम्या करा. मग जे झालं त्याची याद म्हणून लिहू. कागदानंच हक्क देऊ केला, तर त्याला स्टँप लागतो, रजिस्ट्री लागते. तोंडी ठरलेलं आणि अमलात आलेलं नुसतं नोंदवलं, तर लागत नाही. पण नुसती 'देतो'च्या जागी 'दिले' अशी शब्दांची चलाखी करून भागत नाही. दिलं पाहिजे."

आणि दिलं गेलं. मायनं त्या आषाढात बोडीखाली पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावले, रोवणीला तिच्या माहेरच्या बाया आल्या. रोवणी आटोपल्यावर याद लिहिली गेली. तिघांनी खाली सह्या-अंगठे केले, मायचा अंगठा पंचांनी धरला. आता ही याद कोर्टात दाखल करून तडजोडीचा हुकूमनामा घ्यायचा, एवढंच उरलं होतं.

तेवढ्यात लाकडाचा एक ठेकेदार आला. त्याला सडकेजवळ लाकडं उतरवायला जागा हवी होती, आणि सडकेला लागून होत्या त्या बोडीखालच्या बांध्याच. भावाचं मन फिरलं. तारखेच्या दिवशी त्याचा वकील उभा राहून म्हणाला, "हा कागद रजिस्टर नाही. कायद्यानं याला किंमत नाही. तडजोड झालेलीच नाही."

न्यायाधीश तरुण होते, आवाज शांत. ते म्हणाले, तडजोड झाली की नाही हे आधी तपासू. म्हणून जी साक्ष टळावी म्हणून एवढं सगळं केलं, ती मला द्यावीच लागली. पण पाटाबद्दल मला कोणी विचारलं नाही. सपरीत काय ठरलं, एवढंच विचारलं. मी भावाकडे न बघता सांगितलं.

मग भाऊ पिंजऱ्यात उभा राहिला. माझ्या वकिलांनी याद हातात घेतलीसुद्धा नाही.

"फाल्गुनातल्या बैठकीनंतर मोहफुलं कोणी वेचली?"

"म्या."

"सगळ्या झाडांची?"

"हो. माह्या वाट्यालेच आली होती."

"पुढच्या घरात कोण राहतं?"

"मी राह्यतो."

"आणि औंदा बोडीखालच्या बांध्या कोणी रोवल्या?"

भाऊ थांबला. वकिलानं शिकवलेलं उत्तर त्याच्या ओठांवर असावं. पण तो शेतकरी होता, रोवणी कोणी केली हे खोटं सांगणं त्याला जमलं नाही. तो म्हणाला, "मायनं."

तो स्वतःच दचकला. आयुष्यात पहिल्यांदा तो तिला माय म्हणाला होता. मागच्या बाकावर पदराआडून एक हुंदका आला. कोर्टातल्या बाकीच्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. कारकून लिहीत राहिला.

न्यायाधीशांनी निकाल सांगितला तो मला जवळजवळ तोंडपाठ झाला, इतक्यांदा मी तो वकिलांकडून ऐकून घेतला. याद ही आधीच्या तोंडी ठरावाची नोंद आहे, हक्क तो ठराव झाला तेव्हाच ठरले, म्हणून रजिस्ट्रीची गरज नाही. मुलानं स्वतःच्या वाट्याचा फायदा घेतला आहे, आता त्याला दुसऱ्याचा वाटा नाकारता येणार नाही. विधवेचा पाट खरा होता की नाही यात न्यायालय जाणार नाही, कारण तो वाद मिटवण्यासाठीच घरच्यांनी हे केलं. शेवटी ते भावाकडे वळून म्हणाले, "घरच्यांनी घरातली शांतता मिळवली असेल, तर न्यायालयानं ती हिरावून घेऊ नये." दावा त्या तडजोडीप्रमाणे निकाली निघाला.

बाहेर पिंपळाखाली माय उभी होती. भाऊ तिच्या समोरून जाताना थांबला. "बस भेटंल ना?" त्यानं विचारलं. "भेटंल," ती म्हणाली. त्यापलीकडे काही नाही.

मी पुढच्या उन्हाळ्यात गावी गेले. माझ्या हक्कानं गेले, सावलीपर्यंत बसनं, पुढं पायी. माझी खोली झाडून ठेवलेली होती, भावानंच झाडली होती. धाकट्या मायनं मागच्या घरून भात आणला. भाऊ आणि मी जेवायला बसलो आणि मला कळलं की मी पाहुणी आहे. तशी कागदपत्रानं हक्कदार, खोलीपुरती. पण मला न्यायला कोणी आलं नव्हतं. बोलावलं असतं तर मी पडवीतल्या कोपऱ्यातही सुखानं झोपले असते.

मी अनेक उन्हाळे गेले. धाकटी माय थकत गेली. तिचे हात कापायला लागले तेव्हा भाऊच तिच्या बांध्यांना पाणी सोडायचा, तिच्या पाळीला आणि कधी स्वतःच्याही. ती गेली तेव्हा अग्नी त्यानंच दिला. मी उशिरा पोचले.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं सपरीत बसलो होतो. भाऊ म्हणाला, "तुले आठवते, ते काय म्हणत होती केस विंचरताना?"

"नाई आठवत."

"मलेही नाई," तो म्हणाला. "मी त्याटाइमला दुरून आयकत होतो."