फ्रेममधली सनद

आमच्या मंडळाला हैदराबादेतल्या मराठी घराण्यांचा इतिहास लिहायची हुक्की आली, तेव्हा मोडी वाचता येणारी म्हणून मला धरण्यात आलं. वडिलांनी लहानपणी शिकवली होती, तीही कान पिळून. नारायणगुड्यातल्या शाळेत मी मराठी शिकवत होते, वर्गात मुलं तेलुगूत विचार करून मराठीत उत्तरं लिहीत होती. त्या मानानं मोडी सोपीच.

पहिलाच कागद आला तो फ्रेमसकट. आणणारे रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका. शाळेमागच्या गल्लीत त्यांचं जुनं बैठं घर होतं आणि त्यांच्या दिवाणखान्यात ही फ्रेम टीव्हीच्या वर लटकत असे. काचेखाली पिवळा पडलेला स्टँपपेपर, वर निजामाच्या सरकार-ए-आलीचा उर्दू छापा, मध्ये मोडीच्या ओळी आणि तळाशी शाईनं काढलेला छोटासा नांगर.

"सनद आहे, बाई," काका म्हणाले. "निजाम सरकारनं आमच्या पूर्वजाला दिलेली. नांगर म्हंजे आमच्या घराण्याचं चिन्ह."

तो नांगर त्यांच्या पितळी पाटीवर होता. त्यांच्या धाकट्या भावाच्या अंबरपेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानाच्या बोर्डावर होता, पिशव्यांवरही होता. आणि भांडणही त्याच्यावरूनच होतं. तेव्हा बिल्डर लोक गल्लोगल्ली फिरत होते, बैठी घरं पाडून अपार्टमेंट उठत होती. या भावांनी घराच्या वाटण्या दोन चहांत उरकल्या, कोणाला कुठला फ्लॅट तेही ठरलं. अडलं ते फ्रेमपाशी. फ्लॅट दोन, सनद एक! थोरले म्हणाले, थोरल्याकडे राहणार. धाकटे म्हणाले, इतकी वर्षं तुमच्याकडेच होती की, आता नक्को. झालं, बोलणं बंद. दसऱ्याचं एकत्र जेवण बंद.

काका फ्रेम ठेवून गेले आणि दुसऱ्या दिवशी काकू आल्या. "बाई, त्यात कोणाकडे ठेवायची असं काही लिहिलंय का बघा हो. लग्न होऊन आले तेव्हा दीर शाळेत होता, माझ्या हातचं खाऊन मोठा झालाय. आता रस्त्यात दिसला तर मान फिरवतो. मला जीव नकोसा झालाय." मला त्यांची फार दया आली आणि त्या दोन घोड्यांचा तितकाच राग.

कागद काचेतून काढला आणि मी कपाळाला हात लावला. दर दसऱ्याला शस्त्रांबरोबर सनदेचीही पूजा! काच बाजूला करून, थेट कागदावर हळद-कुंकू. मधल्या दोन ओळी त्यात बुडालेल्या. झेरॉक्स काढली तर कुंकू काळं ठिक्कर उमटलं. पुसायला जावं तर अक्षरही जाईल. शेवटी कागद खिडकीला धरून मागच्या बाजूनं वाचला, ओळीमागून ओळ.

मोडीत शब्द तोडत नाहीत, सगळं एका दमात लिहितात. म्हणून मी पद्धत सोडत नाही. आधी जसंच्या तसं उतरवायचं, ओळींना आकडे द्यायचे, शंका असेल ते चौकटी कंसात, गेलं असेल तिथे टिंबं. आपल्या पदरचं काही घालायचं नाही. सारांश त्यानंतर, वेगळ्या पानावर.

पहिल्याच ओळीला मला ठसका लागला. "मुचलका लिहून दिल्हा ऐसा जे". सनद कसली डोंबलाची! मुचलका म्हणजे पुन्हा असं करणार नाही अशी लेखी हमी. पूर्वज आपल्या धाकट्या भावाला लिहून देतो, की बांधावरचा हद्दीचा दगड मी रात्री सरकवून तुमच्या रानात आणला, पंचांनी चौकशी केली, लबाडी माझ्या अंगी लागली. पुन्हा दगडाला हात लावणार नाही, लावल्यास सरकारचा गुन्हेगार. सरकारचा छापा होता तो नुसता स्टँपपेपरचा. आणि खाली "निशाणी नांगर". शेतकऱ्याला सही येत नसली की त्याच्या नावापुढे नांगर काढीत. बिचाऱ्याच्या अंगठ्याचं काम केलेला तो नांगर वंशजांनी पितळेत कोरून दाराला लावला होता.

एकटीच असूनही मी मोठमोठ्यानं हसले. मग सारांश लिहिला आणि दोन्ही भावांना एकेक प्रत पाठवली. एकालाच कशाला पाठवायची?

दोन दिवस काही नाही. कळलं ते काकूंकडून. धाकट्यानं निरोप धाडलाय, "तुम्ही थोरले, तुमच्याकडेच राहू द्या." थोरल्यांचा उलट निरोप, "नाही नाही, तुला हवी होती ना, तूच घे!" फ्रेम माझ्याकडेच पडून.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात स्कूटर थांबली. पुढे धाकटे, मागे थोरले, त्यांच्या खांद्याला धरून. दोघं एकत्र! मी पाणी आणलं.

"बाई, हे छापायचं नाही," थोरले म्हणाले.

"लोक काय म्हणतील?" धाकटे म्हणाले. "माझ्या बोर्डावर नांगर आहे हो!"

"सारांशात थोडं इकडचं तिकडं..." थोरल्यांनी सुचवलं.

मी भडकले. "इकडचं तिकडं तुमच्या पूर्वजानं दगडाचं केलं, तेवढं पुरे! मी अक्षर हलवणार नाही." दोघं शाळेतल्या पोरांसारखे चपलांकडे बघू लागले. शेवटी मी म्हटलं, नावं गाळते, पण मजकूर जाईल. आणि तेवढ्यात आठवलं, कागद कुठून मिळाला ही नोंद राहिलीच आहे.

"मला एक सांगा. मुचलका ज्याला लिहून देतात त्याच्याजवळ राहतो. नांगर काढणारे तुमचे, कागद मिळाला तो त्यांच्या धाकट्या भावाला. मग तो तुमच्या घरात आला कसा?"

थोरल्यांनी भावाकडे पाहिलं. "आपले पणजोबा दत्तक गेले होते ना रे?"

"हौ. चुलत्याला. चुलत्याला मूल नव्हतं."

"म्हंजे दगड सरकवणाऱ्याचा मुलगा?"

"आणि ज्याचं रान गेलं, त्यानं घेतला," धाकटे हळूच म्हणाले.

ज्यानं फसवलं त्याचंच पोर मांडीवर घेतलं, आपलं सगळं रान त्याच्या नावे केलं आणि हा कागद पेटीत जपून ठेवला. का ठेवला असेल? मला ते सारांशात लिहिता आलं नाही, कारण कागदात ते नव्हतं. नोंदीत एवढंच लिहिलं: "कागद दत्तकाबरोबर आला, घरच्यांनी सांगितल्यावरून."

थोरल्यांनी फ्रेम काखेत मारली, धाकट्यानं स्कूटर चालू केली. कोणाकडे नेताय, हे मी विचारलं नाही, कुंकू यापुढे काचेवर लावा एवढंच बजावलं.

मंडळाच्या इतिहासाची स्मरणिका निघाली. मुचलका नावं गाळून आला आणि हा कोणाच्या घरचा म्हणून मंडळात महिनाभर कुजबुज झाली. दोघे भाऊ सगळ्यांत पुढे होऊन विचारीत होते, "कोण असेल हो?"

दसऱ्याला त्यांनी मला जेवायला बोलावलं. घर अजून पाडायचं होतं. टीव्हीवर फ्रेम, फ्रेमला झेंडूचा हार, आणि या खेपेला कुंकू काचेवर, कागदाला नाही. माझं ऐकलं म्हणायचं! धाकटे मुलाबाळांसकट आले होते, काकू त्यांना आग्रह करकरून वाढत होत्या. शेजारचे एक नवे भाडेकरू पुण्याहून कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी आलेले. त्यांनी फ्रेमकडे बोट दाखवलं.

"हे काय आहे काका?"

थोरल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पानातल्या भाताकडे पाहिलं.

"सनद," ते म्हणाले.

"आमच्या दोघांची," धाकटे म्हणाले.

काकू वाढता वाढता थांबल्या, पदरानं डोळे पुसले आणि धाकट्या दिराच्या पानात आणखी एक पोळी टाकली.