बाण कुठून निघतो

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माणसाला मिरवायला फार काही नसतं. माझ्याकडे माझ्या नोट्स होत्या. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी बी.एस्सी.ला सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवते. माझ्या हस्ताक्षराच्या झेरॉक्स पार मुलचेरा तालुक्यातल्या मुलांपर्यंत पोचल्यात, हे मी चारचौघांत मुद्दाम सांगायची.

एका दुपारी माझी जुनी विद्यार्थिनी स्टाफरूममध्ये आली. शेवटच्या वर्षाचा माझ्या विषयाचा एकच पेपर तिचा दोनदा राहिला होता आणि तो निघाल्याशिवाय बी.एड.ला प्रवेश नव्हता. तिसरी परीक्षा दोन आठवड्यांवर आली होती. तिने उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली होती. पेपर चार गुणांनी गेला होता.

"मले एवढंच सांगा मॅडम, माझं चुकलं कुठी?"

मी तोऱ्यात पेन उघडलं. अ‍ॅसिटोनवर आम्लात पाण्याची क्रिया. पहिल्याच पायरीत, इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते दाखवणारा तिचा बाण H⁺ पासून, म्हणजे प्रोटॉनपासून निघून ऑक्सिजनवर गेला होता, आणि तपासणाऱ्याने तिथेच काट मारली होती. मी जरा वैतागूनच म्हणाले, अगं, H⁺ जवळ इलेक्ट्रॉन आहेतच कुठे? बाण येणाऱ्याचा नसतो, इलेक्ट्रॉनच्या जोडीचा असतो. जोडी ऑक्सिजनवर आहे, तर शेपूट तिथे आणि टोक H⁺ कडे.

तिने पिशवीतून माझ्या नोट्स काढल्या आणि समोर ठेवल्या. पानोपानी H⁺ पासून निघालेले बाण. "प्रोटॉन येऊन बसतो" असं तोंडाने म्हणत मी वर्षानुवर्षं हात तसाच चालवला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चूक माझी आहे, मी म्हणाले. मग आम्ही कोरा कागद घेतला. अ‍ॅसिटोनच्या ऑक्सिजनची जोडी H⁺ ला धरते, म्हणून त्या ऑक्सिजनवर धन प्रभार येतो. पाण्याच्या ऑक्सिजनची जोडी मधल्या कार्बनवर जाते, त्याच वेळी दुहेरी बंधातली एक जोडी वरच्या ऑक्सिजनवर सरकते आणि त्याचा प्रभार जातो. आता प्रभार आत आलेल्या पाण्याच्या ऑक्सिजनवर. दुसरं पाणी आपल्या जोडीने त्याचा एक H उचलतं, आणि O–H बंधाची जोडी त्या ऑक्सिजनकडेच राहते. प्रत्येक बाणापाशी मी तिला विचारत होते, जोडी कुठे होती, कुठे गेली. चौथ्या वेळी तिने सगळं एकटीने काढलं, एकही चूक न करता. वीस मिनिटं लागली असतील.

ही वीस मिनिटं मी दोन वर्षांपूर्वी दिली असती तर, हे मनातून जाईना.

दाराशी जाऊन ती थांबली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

"मॅडम, माझी लहान बहीण यंदा तुमच्याच वर्गात आहे," ती म्हणाली. "काल रातभर हेच बाण पाठ करत होती. तिले तुम्हीच सांगा. माझं आयकत नाई ते, तुमच्या नोट्स चुकूच शकत नाई म्हणते."