नूतनने चावी घेतली नाही

हमरापूरच्या कारखान्यात नूतन गणपतीच्या मूर्तींचे डोळे आखायची. त्या मे महिन्यात मात्र दोन मूर्तींचे डोळे तिला पुसून पुन्हा आखावे लागले. भाड्याची खोली महिनाअखेर सोडायची होती आणि पेणमधल्या नव्या फ्लॅटचा ताबा कधी मिळणार, ते कळत नव्हतं.

तेवढ्यात बिल्डरच्या ऑफिसातल्या मिथुनचा फोन आला, "ताई, चावी तयार हाय. सही करा नि राहायला या."

नूतन त्या ऑफिसात गेली, नवरा हरेशही रोह्याच्या कंपनीतली पहिली पाळी उरकून थेट तिथे पोचला. सहीचा कागद नूतनने सावकाश वाचला. 'फर्निचरच्या कामासाठी ताबा मिळाला, तक्रार नाही.'

"ओसी कुठाय?" तिने विचारलं.

"भोगवटा प्रमाणपत्र व्हय?" मिथुन म्हणाला. "येईल पंधरा दिवसांत. तीन घरं राहायला आलीत की."

"मग पंधरा दिवसांनी चावी द्या."

बाहेर येताच हरेश चिडला. "खोली सोडायची हाय. जायचं कुठं?"

दुसऱ्या दिवशी नूतन नगरपरिषदेत गेली. बांधकाम परवानगीच्या टेबलावरच्या सुरभी मॅडमनी फाईल पाहिली. "ओसीचा अर्जच आलेला नाही. इमारत सात मजली आहे, अग्निशमन विभागाचा अंतिम दाखला लागतो. तोही यात नाही. काम मंजूर नकाशाप्रमाणे झालंय, इमारत राहण्याजोगी आहे, हे तपासूनच आम्ही ओसी देतो. ओसीशिवाय नळजोडणीही नाही."

म्हणजे पंधरा दिवस ही थापच होती.

नूतनने बिल्डरला रजिस्टर पत्र धाडलं: ओसीची प्रत मिळाल्यावरच ताबा घेईन. मग महारेराकडे, म्हणजे बिल्डरांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्राधिकरणाकडे, करारातली ताब्याची तारीख टळल्याची तक्रार नोंदवली आणि उशिराचं व्याज मागितलं. संसार आईच्या घरी, कारखान्यामागच्या खोलीत नेला. हरेश आठवडाभर तिच्याशी धड बोलला नाही. आपण उगाच हट्ट धरला का, हा विचार कामातही तिची पाठ सोडीना.

जुलैत नूतनला बाजारात नम्रता भेटली; ती ओसीशिवायच त्या इमारतीत राहायला गेली होती. "टँकरचं पाणी पितोय गो. जिन्यातले आगीचे नळ कोरडे. बिल्डरला सांगितलं तर म्हणतो, तुम्ही तर तक्रार नाही म्हणून लिहून दिलंत."

त्या संध्याकाळी नूतनने हे हरेशला सांगितलं. त्याने पाळ्यांचं वेळापत्रक काढून पाहिलं. मग म्हणाला, "सुनावणीला मीपण येतो. सुट्टी टाकतो."

सुनावणीची तारीख लागल्यावर बिल्डर हलला. आगीचा पंप बसला, तपासणी झाली, अर्ज गेला. जानेवारीत मिथुनने ओसीची प्रत आणून दिली. नूतनने ती तशीच ठेवून घेतली नाही. सुरभी मॅडमकडे जाऊन जावक क्रमांक आणि तारीख ताडून पाहिली, आपली विंग नि आपला चौथा मजला त्यात आहे ना, तेही वाचलं, आणि मगच चावी घेतली.

नम्रताच्या घरीही नळ त्यानंतरच आला. तक्रार मागे घ्या, असं मिथुन नूतनला दोनदा म्हणाला. उशिराच्या व्याजाचा निकाल अजून यायचाय, आणि तिने ती मागे घेतलेली नाही.