साठ चांगल्या दांड्या

शाळेतील नोकरी संपल्यावर मी पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात नव्या कामगारांना शिकवू लागलो. मालकांनी सहा जणांच्या पहिल्या तुकडीसाठी दोन तास दिले आणि अट घातली: सहाही जणांना तपासणी नीट जमली, तर पुढील तुकड्यांनाही दोन तास मिळतील, अन्यथा पूर्वीप्रमाणे फोरमनबरोबर कारखान्यात एक फेरी पुरे.

मी फळ्यावर उद्दिष्ट लिहिले: 'व्हर्नियर कॅलिपरची माहिती होणे.' निपाणीकडचे फोरमन दारातूनच म्हणाले, "मास्तर, माहिती झाली हे ओळखायचं कसं? चेहऱ्यावरून?"

मी ते पुसून लिहिले: 'सत्राच्या शेवटी प्रत्येक जण दहा लोखंडी दांड्यांचा व्यास कॅलिपरने मोजून चांगल्या व नाकारायच्या दांड्या वेगळ्या काढील.' व्यास वीस मिलिमीटर; एक दशांश कमी-अधिक चालेल.

प्रात्यक्षिक झाले, सराव सुरू झाला. पाच मिनिटांत सहाही जणांनी उत्तर दिले: सगळ्या चांगल्या. उत्तर अचूक होते. मी कृतार्थ होऊन पैकीच्या पैकी गुण मांडले.

"ह्या दांड्या आणल्या कुठून?" फोरमननी विचारले.

"स्टोअरमधून. तपासून पास झालेल्या."

"मग न मोजताही पैकीच्या पैकी की!" ते एका मुलीकडे वळले. "अक्का, खरं सांग. किती मोजल्यास?"

"तीन," ती म्हणाली. "बाकीच्या सारख्याच दिसत होत्या, अण्णा."

विद्यार्थ्यांना फसवू नये, हे व्रत मी शाळेत कटाक्षाने पाळले होते. त्या व्रतापायी इथे खराब दांड्या न मिसळून मी स्वतःच फसलो होतो. सत्राची चाळीस मिनिटे उरली होती. फोरमननी नाकारलेल्या मालाच्या लाल पेटीतून काही दांड्या आणल्या, प्रत्येक ढिगात मिसळल्या आणि सगळ्याच दांड्यांवर खडूने क्रमांक घालून कोणत्या कुठे गेल्या ते आपल्या वहीत टिपून ठेवले.

या वेळी प्रत्येक जण एकेक दांडी मोजू लागला. पाच जणांचे बरोबर आले. त्या मुलीने मात्र एक चांगली दांडी नाकारली.

"कॅलिपर तिरका धरलास. स्वल्प सरळ कर," फोरमन म्हणाले. तिने पुन्हा मोजले: वीस पूर्णांक आठ शतांश. दांडी चांगल्यांत गेली.

दारात मालक येऊन उभे राहिले. उजळणीसाठी मी खडू उचलून घसा साफ केला. फोरमननी खडू हळूच काढून घेतला.

"मास्तर, परीक्षा त्यांची. तुम्ही बसा."

मी बसलो. शिकवताना बसणे मला कधीच जमले नव्हते. फोरमननी फळा पुसल्यावर एकेकाने तपासणीत काय करायचे ते सांगितले. शेवटी ती मुलगी म्हणाली, "कॅलिपर सरळ धरायचा. आणि सारख्या दिसल्या तरी एकूणएक मोजायच्या."

फोरमनची वही आणि वेगळे काढलेले ढीग पाहून मालकांनी प्रत्येक तुकडीला दोन तास मंजूर केले. सरावाच्या दांड्या मात्र फोरमननीच निवडायच्या, असेही ठरले. मी हरकत घेतली नाही.