ताटातलं माझं नाव

माझ्या बायकोनं मला नवं नाव ठेवलं होतं, पण ते काय होतं ते मला ठावं न्हाय.

लग्नाला पन्नास वर्षं झाली, तेव्हा पोरांनी आमचं परत लगीन लावलं. थोरली कमल जयसिंगपूरहून आली, संजयनं कागलच्या कारखान्यात रजा टाकली. जेवण साधंच : अख्खा मसूर, चपात्या, भात, शिरा. शिवाजी पेठेतल्या आमच्या दोन खोल्या आणि माणसं साठ!

"आबा, सात पावलांना सात वचनं तुम्ही स्वतः द्यायची," कमल म्हणाली.

"मागं भटजी बोललं, मी निस्ती मान हलवली."

"म्हणून तर परत लावतोय!"

अंतरपाट, मंगलाष्टका, हार, समदं झालं. संजय आईला लिहिलेलं पत्र वाचायला उठला. दुसऱ्याच ओळीला त्यानं डोळं पुसत कागद पुढं केला, मग उरलेलं सुनेनं वाचलं. (सासूची स्तुती! बिचारी चारदा अडखळली.)

मग तांदळाचे सात ढीग. एकेकावर पाऊल टाकत मी बोललो, "बाजारची पिशवी घरात इसरणार न्हाय. आमटी न चाखता मीठ मागणार न्हाय..." पाचव्या ढिगावर माझी वचनं संपली!

ही मागनं म्हणाली, "हाक मारली की ओ देईन, म्हणा!"

म्हटलं. सातव्यालाबी तेच म्हटलं.

शेवटी नाव ठेवणं. लग्नात नवरा ताटातल्या तांदळात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. पहिल्या खेपेला भटजीनं माझा हात धरून यमुनाची सुमन केली होती. तिला कुणी इचारलं न्हवतं. मीबी न्हाय.

मी अंगठी काढली, तर हिनं ती हातातनं घेतली.

"थांबा. ह्या टायमाला मी लिवणार. तुमचं!"

सगळे हसले. हिनं तळहाताचा आडोसा केला, लिहिलं, आणि ताट माझ्याकडं सरकवलं. माझी शाळा दुसरीपर्यंत. मी एकेक अक्षर लावतोय, पहिल्या 'ध'पर्यंतच पोचलोय, तोवर कमल ओरडली, "अक्षता टाका!"

सगळ्यांच्या मुठीत अक्षता. नवरदेवाला कोण देतंय? मी समोरच्या ताटातली मूठभर उचलली आणि टाकली हिच्या डोक्यावर! नावासकट!

"अवो!" एवढंच ती म्हणाली. संजयच्या व्हिडिओत बघितलं, तर तिथं माझी पाठ.

"सांग की, काय लिवलंतं?" मी रोज इचारायचो.

"तुमच्याच हातानं माझ्या डोस्क्यावर टाकलासा. आता मला का इचारता?"

गेल्या साली ती गेली. आता मीच ताटात तांदूळ पसरतो आणि 'ध' काढून बसतो. धनाजी? तेवढं धन आमच्याकडं कधी न्हवतं. धीरज? माझ्यात धीर दिसला असंल, तर चष्मा तिला लागत होता.

राहता राहिला धोंडा. पण तिनं त्या नावानं एकदा हाक मारू दे. वचन दिलंय, ओ देईन.