कपलिंगवरची खडूची रेघ

रत्नागिरीतल्या एका कॉलेजात शिकवत असताना मी सर्किट बोर्डांना भोकं पाडणारं मशीन बनवलं. त्याची स्टेपर मोटर एका स्टेपला १.८ अंश फिरायची, म्हणजे एका फेऱ्याला दोनशे स्टेप. मायक्रोस्टेपिंग लावून मी त्याचे सोळाशे बारीक भाग केले आणि त्याच ऐटीत वेगही वाढवला. भोकं सरकायला लागली.

मी विद्यार्थ्यांदेखत वर्कशॉपमध्ये लेथवर काम करणाऱ्या टर्नरकाकांवर उखडलो. "तुमचं कपलिंग घसरतंय!" मोटर आणि ड्रिल सरकवणारा स्क्रू जोडणारा तो तुकडा त्यांनी तीनदा नव्याने करून दिला.

चौथ्यांदा त्यांनी मोटरच्या न फिरणाऱ्या तोंडापासून शाफ्ट, कपलिंग आणि स्क्रूपर्यंत खडूने एकच सरळ रेघ ओढली. "आता पळवा सर, आणि परत जागेवर आणा."

शाफ्ट, कपलिंग आणि स्क्रूवरची रेघ सलग राहिली होती. मोटरच्या तोंडावरची मात्र तिच्याशी जुळेना. म्हणजे कपलिंग घसरलंच नव्हतं, मोटरच स्टेप चुकत होती. वेग फार वाढवला की मोटरच्या कॉइलमध्ये पुरेसा करंट चढायच्या आत पुढची स्टेप येते, जोर कमी पडतो, आणि स्टेपचे सिग्नल देणाऱ्या कंट्रोलरला पत्ताही नसतो. मायक्रोस्टेपिंगने चाल मऊ होते, जोर वाढत नाही. हे मीच वर्गात शिकवत होतो!

मी वेग निम्म्यावर आणला. भोकं जागेवर पडू लागली. तेवढ्यात प्राचार्य आले आणि काय बिघडलं होतं म्हणून विचारू लागले.

"कपलिंग होतं," मी म्हणालो. "काकांनी नीट केलं."

काकांनी फडकं घेतलं आणि माझ्यादेखत ती रेघ पुसून टाकली.