वादळाचं बारसं

समुद्रात काही शिजायला लागलं की आबांचा, म्हणजे वडिलांचा, फोन यायचा. मी सांगलीत शेतकऱ्यांसाठी हवामानाचा अंदाज लिहायचो आणि ते गावी द्राक्षबाग सांभाळायचे. "बारसं झालं का रं?" एवढंच विचारायचे.

मी वैतागायचो. "आवं आबा, नावांची यादी आधीच तयार असते. वारा ताशी बासष्ट किलोमीटरवर गेला की यादीतलं पुढचं नाव मिळतं. त्याखाली नुसतं डिप्रेशन, म्हणजे बिननावाचा कमी दाब."

"मग तुझा थोरला भाऊ जहाजावरनं टायफून म्हणतो, ते?"

"जात एकच. वारा एकशे अठराच्या पुढं गेला की जपानकडं टायफून, अमेरिकेकडं हरिकेन. आपल्याकडं अतितीव्र चक्रीवादळ."

एका दिवाळीनंतर बाग ऐन फुलोऱ्यात होती. फोन आला. "वारा पन्नासच हाय, नाव न्हाई," मी घाईत म्हणालो. आबांनी निर्धास्तपणे बुरशीनाशकाची फवारणी पुढं ढकलली. त्या बिननावाच्या डिप्रेशननं दोन दिवस पाऊस ओतला आणि सगळा फुलोरा कुजून गळून पडला.

मी तोंड लपवत गावी गेलो. आबा बांधावर बसले होते. "तू वाऱ्याचं लय झ्याक सांगितलंस," ते म्हणाले, "पावसाचं मी इचारलंच न्हाई."

तेव्हापासून माझ्या अंदाजात पहिली ओळ पावसाची असते.

आबा गेल्यानंतर परवा एका वादळाला नाव पडलं. "आबा, बारसं झालं," हे सांगायला मी फोन लावला. पलीकडे तो नंबर बंद असल्याचं एक बाई सांगत होती. मी ते शेवटपर्यंत ऐकलं.